पोर्टफोलिओसोबत कव्हर लेटर कसं लिहायचं? ज्युनिअर डिझायनरच्या पहिल्या नोकरीसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात एका छोट्या पॅकेजिंग स्टुडिओत डिझायनर आहे आणि ज्युनिअरची जागा निघाली की येणारे मेल आधी मीच चाळते. अप्लाइड आर्ट किंवा ग्राफिक डिझाइन करून नुकतेच बाहेर पडलेले कळवा, ऐरोली, वाशी, डोंबिवलीचे बरेच जण असतात, पोर्टफोलिओ चांगला असतो आणि सोबतचं लेटर मात्र कुठूनतरी उचललेलं. कॉलेजमधले ज्युनिअर, ओळखीपाळखीतली मुलं जे प्रश्न सारखे विचारतात ते इथे एकत्र लिहिलेत.

शेवटी पोर्टफोलिओच बघणार ना? मग लेटर कोण वाचतं?

वाचतात. पोर्टफोलिओ उघडायचा की नाही आणि उघडला तर कुठल्या पानावर थांबायचं, हे लेटरवरून ठरतं. छोट्या स्टुडिओत एचआर वगैरे नसतं, मेल उघडणारा माणूस स्वतःच डिझायनर असतो किंवा मालक असतो, आणि तो मेल बघतो कधी तर प्रिंटरचा फोन आणि क्लायंटचं करेक्शन यांच्या मधल्या वेळात, तेही बहुतेक वेळा मोबाइलवर. तीस-पस्तीस पानांची फाइल त्या छोट्या स्क्रीनवर कोणी पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट बघत नाही, भराभर वर सरकवतात.

आणि दुसरं म्हणजे पानावर फक्त शेवटी काय झालं तेवढं दिसतं. काम कोणासाठी होतं, अडचण काय होती आणि त्यातलं नक्की तुम्ही काय केलं, हे नुसत्या मॉकअपवरून कळत नाही. हल्ली मॉकअप तर सगळ्यांचे सारखेच दिसतात, तोच क्राफ्ट पेपरचा पाउच आणि तीच तिरकी सावली. त्या तीन गोष्टी सांगायची जागा म्हणजे लेटर.

किती मोठं लिहायचं? वेगळी फाइल जोडू की मेलमध्येच?

जाहिरातीत वेगळी फाइल मागितली नसेल तर थेट मेलमध्येच लिहा. दीडशे ते दोनशे शब्द पुरतात, मोबाइलवर दोन-तीनदा अंगठा सरकवला की संपायला हवं. वेगळी वर्ड फाइल जोडली की ती उघडायचा त्रास वाचणाऱ्यावर पडतो आणि मग मेलमध्ये नुसतं 'प्लीज फाइंड अटॅच्ड' एवढंच राहतं, असे मेल खूप येतात आणि ते उघडायला हात पटकन जात नाही.

इंग्रजीत लिहू की मराठीत?

जाहिरात ज्या भाषेत आहे त्या भाषेत. मुंबई-ठाण्यात बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच मेल जातात, त्यामुळे तुम्हालाही बहुतेक इंग्रजीतच लिहायला लागेल. पण आधी मजकूर मराठीत, आपण मैत्रिणीला सांगतो तसा लिहून काढा आणि मग साध्या छोट्या इंग्रजी वाक्यांत उतरवा. इंग्रजी कच्चं आहे म्हणून मुलं जड शब्दांची तयार वाक्यं चिकटवतात आणि त्यात स्वतःचं काम कुठे दिसतच नाही. साधी वाक्यं असलेलं लेटर आम्हाला कधी खटकत नाही. स्पेलिंग मात्र तपासा, कारण ज्याला उद्या पॅकवरचा मजकूर लावायचाय त्याच्या मेलमध्ये स्टुडिओचं नावच चुकलेलं असेल तर शंका येणारच.

खाली नमुना मराठीत दिलाय, मजकूर कसा बांधायचा ते कळावं म्हणून.

सुरुवातच होत नाही. पहिलं वाक्य काय लिहू?

कुठल्या जागेसाठी लिहिताय आणि त्यांनी आधी काय बघावं, बस्स. 'मला लहानपणापासून चित्रकलेची आवड आहे' हे काढून टाका, अप्लाइड आर्ट केलेल्या प्रत्येकाला ती होती. तपासायची सोपी रीत सांगते, प्रत्येक वाक्य वाचून बघा की हेच वाक्य तुमच्या वर्गातला शेजारी बसणारा मुलगा त्याच्या लेटरमध्ये जसंच्या तसं टाकू शकतो का. टाकू शकत असेल तर ते वाक्य तुमच्याबद्दल काही सांगत नाहीये.

एखादं पूर्ण उदाहरण दाखवाल का?

दाखवते, आणि हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून जरा सावकाश जाऊ.

समजा वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या पॅकेजिंग स्टुडिओची जाहिरात आहे: ज्युनिअर डिझायनर पाहिजे, अनुभव ० ते १ वर्ष, फूड पॅकेजिंगची अडॅप्टेशन करावी लागतील, इलस्ट्रेटर आणि फोटोशॉप यायला हवं, मराठी-हिंदी टाइपसेटिंग जमत असेल तर प्राधान्य. अर्ज करणारी मुलगी ऐरोलीची, अप्लाइड आर्ट करून नुकतीच बाहेर पडलेली, नोकरीचा अनुभव शून्य. पोर्टफोलिओत तिच्याकडे काय आहे तर बचत गटाच्या भाजणीचं लेबल, एका काल्पनिक कॅफेचं ब्रँडिंग, चौघांनी मिळून केलेलं कॉलेजचं कॅम्पेन आणि नाटकाच्या पोस्टरसाठी केलेलं थोडं लेटरिंग.

आधी जाहिरात नीट वाचायची. यातला कळीचा शब्द अडॅप्टेशन आहे आणि फ्रेशर्स तो शब्द वाचून पुढे जातात. पॅकेजिंगमध्ये एका साइझचं डिझाइन क्लायंटने पास केलं की ते झालं मास्टर आर्टवर्क, मग त्यावरून बाकीच्या वजनांचे, बाकीच्या फ्लेवर्सचे पॅक काढायचे, आणि ज्युनिअरचा बराचसा दिवस त्यातच जातो. म्हणजे स्टुडिओला लोगो काढणारा माणूस आत्ता नकोय. छोट्या पॅकवर जागा कमी पडली की काय ठेवायचं, काय हलवायचं याचा विचार करणारा आणि मजकूर न चुकवणारा माणूस हवाय. ही मुलगी पहिल्यांदा जे लिहिते ते साधारण असं असतं:

> आदरणीय सर/मॅडम, मी अप्लाइड आर्टची पदवी नुकतीच पूर्ण केली आहे. मला डिझाइनची मनापासून आवड असून मी मेहनती, क्रिएटिव्ह आणि टीम प्लेयर आहे. मला इलस्ट्रेटर, फोटोशॉप, इनडिझाइन उत्तम येते. आपल्या नामांकित स्टुडिओत संधी मिळाल्यास मी माझ्या कौशल्यांचा पुरेपूर वापर करीन. सोबत रेझ्युमे व पोर्टफोलिओ जोडला आहे. कृपया विचार व्हावा.

यात चुकीचं काही नाही, पण भाजणीच्या लेबलचा उल्लेखही नाही, आणि या जागेसाठी तिच्याकडे असलेली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. कॅफेचं ब्रँडिंग दिसायला जास्त छान म्हणून तिने ते पोर्टफोलिओत पहिलं ठेवलं असणार आणि लेबल पार मागे गेलं असणार. म्हणून पहिली दुरुस्ती पोर्टफोलिओतच करायची, या स्टुडिओला पाठवायच्या फाइलमध्ये लेबलचं काम पुढे आणायचं. मग लेटर असं होतं:

> नमस्कार,
>
> तुमच्याकडच्या ज्युनिअर डिझायनरच्या जागेसाठी अर्ज करतेय. जाहिरातीत फूड पॅकेजिंगची अडॅप्टेशन आणि मराठी टाइपसेटिंग असं लिहिलंय, त्यासाठी पोर्टफोलिओतली पानं ३ ते ८ आधी बघावीत.
>
> ते ऐरोलीतल्या एका महिला बचत गटाच्या थालीपीठ भाजणीचं लेबल आहे. त्यांच्या जुन्या लेबलवर ग्लॉस लॅमिनेशन होतं आणि त्यावर मारलेला तारखेचा शिक्का बोटाने पुसला जायचा. मी मागचं लेबल लॅमिनेशन न करता साध्या कागदावर घेतलं आणि तारीख, बॅच नंबरची जागा तिथे नेली. ५०० ग्रॅमचं लेबल मास्टर धरून २५० आणि १०० ग्रॅमची लेबलं केली. १०० ग्रॅमवर घटकांची यादी मावत नव्हती, तेव्हा अक्षर बारीक न करता थालीपीठाची कृती काढून टाकली. गट आता हीच लेबलं वापरतो.
>
> पान १४ वरचं कॅम्पेन आम्ही चौघांनी केलं, त्यातलं देवनागरी लेटरिंग माझं आहे.
>
> ही लेबलं डिजिटल प्रिंटवर झाली, ऑफसेटसाठी फाइल मी अजून स्वतः दिलेली नाही.
>
> ऐरोलीला राहते, १ जुलैपासून येऊ शकते. पोर्टफोलिओची पीडीएफ जोडली आहे.

खाली नाव आणि फोन नंबर. झालं.

या दुसऱ्या लेटरमध्ये नक्की काय जमून आलंय?

शिक्का पुसला जायचा हे वाक्य. पॅकेजिंगमध्ये काम केलेला कोणीही ते वाचून थांबेल, कारण गुळगुळीत लॅमिनेशनवर साध्या स्टॅम्प पॅडची शाई धरत नाही हे त्यालाही माहितीये आणि फ्रेशर मुलीने ते स्वतः बघून त्यावर उपाय काढला म्हणजे ती क्लायंटकडे जाऊन वस्तू हातात घेऊन बघते. हे कुठल्याही मॉकअपमध्ये दिसलं नसतं. 'मी बारकाईने काम करते' असं लिहायची गरजच उरली नाही.

दुसरं म्हणजे १०० ग्रॅमचा निर्णय. छोट्या पॅकवर जागा कमी पडली की नवशिका सगळंच बारीक करतो. पण निव्वळ वजन, एफएसएसएआयचा नंबर, शाकाहाराची हिरवी खूण, घटक, तारीख, किंमत ही माहिती नियमाने द्यावीच लागते, तिचं अक्षर किती लहान चालतं यालाही मर्यादा आहेत, आणि देवनागरीत तर वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार असल्याने ओळी जवळ आणल्या की सगळं एकमेकांत घुसतं. म्हणजे काढायचं तर जे नियमात नाही तेच, इथे कृती. हा विचार अडॅप्टेशनचाच आहे आणि तो तिने एका वाक्यात दाखवला, अडॅप्टेशनबद्दल भाषण न देता.

आणि पान नंबर दिलेत ते विसरू नका. मोबाइलवर बघणाऱ्याला सरळ तिसऱ्या पानावर जाता येतं. फक्त लेटरमधले नंबर आणि पीडीएफमधले नंबर जुळतायत ना ते पाठवायच्या आधी बघा, फाइलमध्ये शेवटच्या क्षणी पान वाढवलं की सगळे नंबर सरकतात. कव्हर धरून मोजा, कारण पीडीएफ उघडली की वाचणाऱ्याला तसेच नंबर दिसतात.

ऑफसेटचं येत नाही हे स्वतःहून का सांगायचं? उलट नुकसान नाही का होणार?

० ते १ वर्ष मागणाऱ्याला माहितीच असतं की तुम्ही ऑफसेट केलेलं नाही. त्यामुळे सांगितल्याने जागा जात नाही, उलट बाकीच्या वाक्यांवर विश्वास बसतो. पण एकच ओळ, ती पण जागेशी संबंध असलेली, आणि ती माफी मागितल्यासारखी नको. 'मला अजून खूप शिकायचंय, कृपया सांभाळून घ्या' असं लिहिलंत तर वाचणाऱ्याच्या डोक्यात तेवढंच राहतं.

माझ्याकडे खरा क्लायंट एकही नाही, सगळी कॉलेजची असाइनमेंट्स आहेत. मग काय लिहू?

असाइनमेंट आहे असं लिहा आणि त्यातला एक निर्णय सांगा. निर्णय म्हणजे 'मी मिनिमल अप्रोच घेतला' हे नव्हे. दोन पर्याय समोर होते, एक घेतला आणि दुसरा सोडला, का सोडला, एवढं. उदाहरणार्थ काल्पनिक कॅफेचा मेन्यू केलाय तर आधी एकाच मोठ्या पानाचा केला होता, ए३ वर प्रिंट काढून टेबलावर ठेवला तेव्हा कप ठेवायला जागाच उरेना म्हणून घडीचा केला. हे खरं घडलं असेल तर त्याची किंमत आहे, मग कॅफे काल्पनिक असला तरी.

काही जण प्रसिद्ध ब्रँडचं स्वतःच्या मनाने रीडिझाइन करतात आणि ते असं मांडतात की वाचणाऱ्याला वाटावं ब्रँडनेच काम दिलं होतं. असं करू नका. पोर्टफोलिओत त्या पानावर आणि लेटरमध्ये उल्लेख असेल तर तिथेही, हे सरावासाठी केलंय असं स्पष्ट लिहा. त्या ब्रँडचं काम खरं कोण करतं हे याच धंद्यातल्या लोकांना बहुतेक वेळा माहिती असतं.

आणि खरं काम अजिबात नाही असं म्हणण्याआधी आठवून बघा. सोसायटीच्या गणपतीचा बॅनर, काकांच्या क्लासचं पॅम्फ्लेट, मंडळाची पावती, ओळखीच्या पोळी-भाजी केंद्राचं मेन्यू कार्ड, हे सगळं खरं काम आहे. प्रिंट झालं, कोणीतरी पैसे मोजले, चूक निघाली, परत करावं लागलं. पावतीपुस्तकात नंबरिंगसाठी आणि फाडायच्या रेघेसाठी जागा सोडायला लागते हे ज्याने केलंय त्याला प्रिंटिंग थोडंतरी कळलेलं असतं.

ग्रुप प्रोजेक्टमधलं माझं काम कसं सांगायचं? मीच केलं म्हटलं तर कोणाला कळणार आहे?

कळतं. एकाच कॉलेजच्या एकाच बॅचची मुलं त्याच महिन्यात त्याच स्टुडिओंना अर्ज करतात, तेच कॅम्पेन दोन-तीन पोर्टफोलिओत येतं आणि प्रत्येकाने 'माझं' म्हणून लावलेलं असतं. मग त्यातला कोण खरं बोलतोय हे शोधत बसायला वेळ नसतो, सगळ्यांवरच फुली बसते.

किती जण होते आणि तुमच्या हातातून काय गेलं, दोन गोष्टी एका वाक्यात. क्रियापदं नीट वापरा: लेटरिंग काढलं, फोटो काढले, लेआउट लावलं, प्रिंटरकडे फाइल दिली. 'मी या प्रोजेक्टमध्ये सहभागी होते' यातून काहीच कळत नाही. बाकीच्यांची नावं पोर्टफोलिओच्या पानावर खाली द्या, लेटरमध्ये नको.

सॉफ्टवेअरची यादी लेटरमध्ये टाकू का?

ती रेझ्युमेत असते, तिथेच राहू दे. लेटरमध्ये सॉफ्टवेअर आलं तर कामाच्या ओघात यावं. मराठी टाइपसेटिंग येतं असं म्हणणारे खूप आहेत, पण इनडिझाइनमध्ये `Adobe World-Ready Paragraph Composer` लावला नाही तर ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं फुटतात, हे ज्याला माहितीये त्याचं एक वाक्य त्या यादीपेक्षा कितीतरी जास्त सांगतं. तसंच क्लायंटकडून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर आला आणि तो तुम्ही युनिकोडमध्ये आणून परत अक्षरन्‌अक्षर तपासलात, हे केलं असेल तर लिहा, इथल्या स्टुडिओंत हे काम सारखं निघतं.

मुद्दाम सांगते, पोर्टफोलिओच्या स्वतःच्या पानांवर मराठी असेल तर ते आधी तपासा. लेटरमध्ये देवनागरी येतं म्हणायचं आणि पान ५ वर 'प्र' फुटलेला, असं झालं की पुढचं वाचायची इच्छा राहत नाही.

स्टुडिओचं कौतुक करायचं का?

एखादं वाक्य चालेल, तेही त्यांच्या एखाद्या ठरावीक कामाबद्दल आणि त्यात तुम्हाला काय दिसलं त्याबद्दल. दुकानात जाऊन त्यांनी केलेला पॅक हातात घ्या, बाजूच्या पाच पॅकमध्ये ठेवून बघा, सगळे फ्लेवर एका रांगेत लावलेले असतील तर लांबून कुठला कुठला ते कशावरून ओळखू येतं ते बघा. त्यातून एक खरं निरीक्षण मिळालं तर लिहा. नाही मिळालं तर कौतुक वगळा, लेटर त्याने कमी होत नाही. 'आपला नामांकित स्टुडिओ' हे चार माणसांच्या स्टुडिओला लिहिलं की कळतं, वेबसाइटसुद्धा बघितलेली नाही.

आवडत्या डिझायनरचं नाव टाकण्याबद्दलही तेच. कमल शेडगे यांची नाटकांच्या नावांची लेटरिंग आवडतात असं बरेच जण लिहितात आणि आवडावीत अशीच ती आहेत, पण तुमच्या पोस्टरवर त्याचा काय परिणाम झाला, कुठल्या अक्षराची गाठ तुम्ही चार वेळा मोडून परत बांधलीत, हे नसेल तर नुसतं नाव कशाला.

सर म्हणू, मॅडम म्हणू की नाव घेऊ?

जाहिरातीत नाव असेल तर नाव, मराठीत लिहिताय तर नावापुढे जी किंवा सर-मॅडम लावा, आणि नाव नसेल तर नुसतं नमस्कार. 'डिअर सर' लिहून मेल एखाद्या बाईकडे जातो तेव्हा बरं वाटत नाही, मला तरी नाही. 'हाय टीम' चालतं, इथले स्टुडिओ फार औपचारिक नसतात.

पत्ता, प्रवास, पगार यातलं काय लिहायचं?

राहायचं ठिकाण आणि कधीपासून येऊ शकता हे लिहा. ऐरोलीहून वागळेला यायचं तर ट्रान्स-हार्बरने ठाणे आणि पुढे बस किंवा शेअर रिक्षा, त्याबद्दल काही बोलायची गरज नाही. पण पनवेल किंवा बदलापूरला राहून अंधेरीच्या स्टुडिओला अर्ज करत असाल तर समोरच्याच्या मनात रोजच्या प्रवासाचा प्रश्न येतोच, तिथे 'रोजचा प्रवास करायची तयारी आहे' किंवा 'जवळ राहायची सोय होणार आहे' असं जे खरं असेल ते एका ओळीत लिहून मोकळे व्हा. शेवटच्या वर्षाचा रिझल्ट लागायचा असेल तर तेही इथेच. पगाराचा आकडा जाहिरातीत विचारला असेल तरच लिहा.

पोर्टफोलिओ जोडू की लिंक देऊ?

दोन्ही. पीडीएफ जोडा आणि खाली बिहान्स किंवा ड्राइव्हची लिंक द्या. जीमेलवर एका मेलला २५ एमबीची मर्यादा आहे, पण तिथपर्यंत जाऊच नका, ८-१० एमबीच्या आत बसवा म्हणजे मोबाइल डेटावरही पटकन उघडेल. इलस्ट्रेटरमधून पीडीएफ सेव्ह करताना `Preserve Illustrator Editing Capabilities` ची टिक काढा, फाइल उगाच फुगते ती बऱ्याचदा त्यामुळेच. फाइलचं नाव असं ठेवा की डाउनलोड फोल्डरमध्ये पडली तरी कोणाची ते कळेल:

```
Naav_Aadnaav_Portfolio_Packaging.pdf
```

`final_final_2.pdf` अजूनही येतात आणि मग शोधताना सापडत नाहीत.

ड्राइव्हची लिंक देताना एक गोष्ट हमखास राहते. फोल्डर आपोआप `Restricted` असतो, तो `Anyone with the link` करावा लागतो. तुम्ही स्वतः लॉगिन असल्याने तुम्हाला उघडतं आणि समोरच्याकडे परवानगी मागायचं पान येतं, आणि तो परवानगी मागत बसत नाही, पुढच्या मेलकडे जातो. म्हणून इनकॉग्निटो विंडोत किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाच्या फोनवर लिंक उघडून बघा, मगच पाठवा.

सब्जेक्ट लाइनमध्ये काय?

जागेचं नाव, तुमचं नाव, आणि जागा राहिली तर कामाचा प्रकार. 'ज्युनिअर डिझायनर अर्ज, अमुक तमुक, पॅकेजिंग पोर्टफोलिओ'. जाहिरातीत अमुक सब्जेक्ट टाका असं सांगितलं असेल तर तोच, अक्षरशः तोच, कारण बरेच जण त्यावरून मेल फिल्टर करतात.

प्रत्येक ठिकाणी नवीन लेटर लिहायचं म्हणजे महिनाभर तेच करत बसायचं का?

पूर्ण नवीन नाही. तुमच्या तीन-चार चांगल्या कामांवर प्रत्येकी एक परिच्छेद नीट लिहून ठेवा, वरच्या भाजणीसारखा. पॅकेजिंगच्या स्टुडिओला लेबलचा परिच्छेद पुढे, ब्रँडिंगवाल्यांना कॅफेचा, प्रकाशन किंवा पुस्तकांचं काम असेल तिथे लेटरिंगचा. बदलतं काय तर पहिला परिच्छेद, पान नंबर आणि काय येत नाही ती ओळ. डिजिटल कामाच्या स्टुडिओला ऑफसेटचं काही देणंघेणं नाही, तिथे कदाचित मोशन येत नाही हे सांगावं लागेल.

जुनं लेटर कॉपी करताना आधीच्या स्टुडिओचं नाव मागे राहतं. हे फार वेळा बघितलंय. पाठवायच्या आधी एकदा सर्च मारून बघा.

पाठवलं, उत्तर नाही. फोन करू का?

आठवडाभर थांबा आणि त्याच मेलवर रिप्लाय करा, नवीन मेल नको, म्हणजे जुनं लेटर आणि फाइल खालीच राहते. दोन ओळी पुरे. या दरम्यान पोर्टफोलिओत नवीन काही जमा झालं असेल तर ते सांगा, तेवढ्यासाठी मेल परत उघडला जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल टाकू नका, जाहिरातीत नंबर देऊन तसं सांगितलं असेल तरच. त्यानंतरही काही आलं नाही तर सोडून द्या, तीन-चार महिन्यांनी परत जागा निघाली तर नव्या कामासह परत अर्ज करायला काही हरकत नाही.

बोलावलं तर लेटरमधलं विचारतात का?

आम्ही तरी तिथूनच सुरुवात करतो. भाजणीवाल्या मुलीला पहिला प्रश्न असेल की ५०० ग्रॅमच्या मास्टरमध्ये गटाने नंतर एक घटक बदलला तर बाकीची दोन लेबलं तू कशी बदलणार, फाइल उघडून दाखव. लेयर्सना नावं आहेत का, मजकूर लाइव्ह आहे की आउटलाइन करून ठेवलाय, कीलाइन वेगळ्या लेयरवर आहे का, हे तिथे दिसतं. म्हणून ओपन फाइल लॅपटॉपमध्ये फॉन्टसकट ठेवा, आणि छापलेलं लेबल असेल तर ते सोबत न्या. मागच्या लेबलवर शिक्का मारलेला असेल तर तसंच न्या, आम्ही बोट फिरवून बघणारच.